पहिली नाइट ड्यूटी: 'झोपेचं इंजेक्शन लिहा' असा कॉल आला तर

इंटर्नशिपच्या लॉगबुकमधलं रिफ्लेक्शन बरेच जण सीनियरच्या वहीतून उतरवतात. मला ते पटत नाही, म्हणून ड्यूटी संपताच लिहायला बसलोय. पेशंटचं नाव, बेड नंबर, रजिस्ट्रेशन नंबर यातलं काहीही वहीत येऊ देऊ नका.

कॉल पहाटेचा. मांडीच्या हाडाचं ऑपरेशन झालेले आजोबा, दुसरा दिवस, कॅथेटर आदल्या दुपारी काढलेला. सिस्टर म्हणाल्या, "इरिटेबल झालेत, सलाइन ओढतायत. मिडॅझोलॅम लिहून द्या ना." मुलगाही रात्रभर जागून कंटाळलेला. तेव्हा फोनवरून 'द्या' म्हणायचा मोह होतो. म्हणू नका. अशा पेशंटला ऑक्सिजन कमी पडत असेल, तर त्या इंजेक्शनाने श्वास आणखी मंदावतो आणि खरं कारण तसंच राहतं.

मी आधी सॅच्युरेशन पाहिलं, घड्याळ लावून पूर्ण मिनिटभर श्वास मोजले, ग्लुकोमीटरवर शुगर केली. सगळं ठीक. मग लघवीचं विचारलं. "होतेय की, दोनदा चादर बदलली."

खरा फास इथे आहे. चादर ओली आहे म्हणजे लघवी मोकळी होतेय असं नाही. मूत्राशय तुडुंब भरलं की वरचं थोडं थोडं आपोआप गळत राहतं. त्यामुळे चार्टवर 'लघवी झाली' अशी नोंद होते आणि पेशंट मात्र तुंबलेलाच असतो. एकेका वेळी किती झाली, हे विचारा. भांड्यात मोजलेली नसेल तर झाली असं धरू नका. स्पायनल भूल, दुखण्यासाठी दिलेली ओपिऑइड, वाढलेलं प्रोस्टेट, बद्धकोष्ठता, या वयात कारणांना तोटा नसतो. गोंधळलेला माणूस 'लघवी अडकलीय' असं सांगतही नाही, नुसता उठायला बघतो.

पांघरूण काढून पोटाला हात लावला. ओटीपोटापासून जवळजवळ बेंबीपर्यंत घट्ट फुगवटा, बोटांनी ठोकल्यावर बद्द आवाज, दाबताच आजोबा कण्हले. रेसिडेंटना फोन करून कॅथेटर घातला. ९०० मिली निघाली. सलाइन ओढणं थांबलं; भ्रम मात्र लगेच गेला नाही आणि तो तसा जातही नाही, हे मुलाला समजावून सांगावं लागलं.

रेसिडेंटना उठवताना जीव वर-खाली होतो, माझाही झाला. पण श्वास, सॅच्युरेशन, शुगर आणि पोट पाहून फोन केलात तर सहसा कोणी चिडत नाही. काहीच न पाहता केलात तर ओरडा खाल, आणि तो रास्तच असतो.

पुढच्या ड्यूटीसाठी वहीत लिहिलंय: हँडओव्हर घेताना कॅथेटर कधी काढला आणि त्यानंतर पहिली लघवी किती मिली झाली, हे विचारायचं. सहा ते आठ तासांत मोजण्याजोगी झाली नसेल तर कॉलची वाट न पाहता पोट तपासायचं. तुंबलेली लघवी काढल्यावर बीपी आणि दर तासाची लघवी पाहत राहायची. सलग दोन तास २०० मिलीच्या वर गेली तर पुन्हा रेसिडेंटना फोन.