x·D(x) ची शून्यापाशी लिमिट: या चुका टाळा

प्रश्न दोन ओळींचा असतो. x परिमेय असेल, म्हणजे पूर्णांकांच्या अपूर्णांकात मांडता येत असेल, तर D(x) = 1; अपरिमेय असेल तर D(x) = 0. x शून्याकडे जाताना x·D(x) ची लिमिट काढा. उत्तर शून्य, आणि बहुतेक वह्यांत ते बरोबरही असतं. गुण जातात ते त्याच्या वरच्या चार ओळींत.

सगळ्यात जास्त दिसणारी चूक गुणाकाराच्या नियमाची. कोणी लिहितं, ‘D ची लिमिटच नाही, म्हणून x·D(x) चीही नाही.’ D ची लिमिट नाही हे खरंच आहे: शून्याच्या कितीही जवळ गेलात तरी परिमेय आणि अपरिमेय दोन्ही संख्या सापडतात, त्यामुळे D कायम 1 आणि 0 मध्ये उड्या मारतं. पण गुणाकाराचा नियम एवढंच सांगतो की दोन्ही लिमिट असतील तर त्यांचा गुणाकार करा. एक नसेल तर नियम गप्प बसतो. तो ‘नाही’ म्हणत नाही.

याच्या उलट टोकाची चूक जास्त फसवी, कारण तिचं उत्तर बरोबर येतं: ‘x शून्याकडे जातो, शून्याला कशानेही गुणलं तरी शून्य.’ इथे g(x) असं घ्या: x शून्येतर परिमेय असेल तर 1/x, एरवी 0. आता x·g(x) म्हणजे शून्य सोडून इतर सगळीकडे D(x)च, आणि त्याची लिमिट नाही. x तोच, शून्याकडे जाणारा, तरी गुणाकार शून्याकडे गेला नाही. फरक एवढाच की g शून्याजवळ हवं तेवढं मोठं होतं आणि D कधी 1 च्या वर जात नाही. D मर्यादित आहे, हे वाक्य उत्तरात दिसलं नाही तर मी पूर्ण गुण देत नाही.

मग सँडविच प्रमेय लावायचं. इथे घाईत लिहिलं जातं:

0 ≤ x·D(x) ≤ x

x = −1/2 घालून बघा. D = 1, गुणाकार −1/2, आणि पहिलीच असमानता मोडली. ही ओळ फक्त उजव्या बाजूला चालते. डावीकडे चिन्हं उलटतात. केवल मूल्य घेतलं की दोन्ही बाजू एकदम सुटतात:

|x·D(x)| ≤ |x|

एप्सिलॉन-डेल्टाने हवं असेल तर इथूनच δ = ε मिळतो. ε = 0.001 दिला, तर 0 < |x| < 0.001 असलेल्या प्रत्येक x साठी, मग तो परिमेय असो वा नसो, गुणाकार शून्यापासून 0.001 पेक्षा कमी अंतरावर राहतो. गंमत म्हणजे डीरिश्लेने १८२९ मध्ये फूरिये श्रेणींवरच्या लेखात असं फलन मांडलं तेव्हा 1 आणि 0 ऐवजी c आणि d अशा दोन वेगळ्या स्थिर किमती घेतल्या होत्या. त्यानेही लिमिट शून्यच राहते; |c| आणि |d| मधली मोठी किंमत M म्हणा आणि δ = ε/M घ्या.

काही जण x = 1/n आणि x = √2/n घालतात, दोन्हीकडून शून्य आलं की ‘सिद्ध’ लिहून मोकळे. दोन क्रमिकांनी लिमिट नाही हे दाखवता येतं, आहे हे नाही. समजा h(x) हे फक्त √3/n या बिंदूंवर 1 आहे आणि बाकी सगळीकडे 0. तुमच्या दोन्ही क्रमिकांवर h शून्यच देईल, आणि लिमिट मात्र नाही.

आलेख काढून खात्री करायला गेलात तर कॉम्प्युटर सरळ y = x ही रेषा दाखवू शकतो. त्याच्याकडची प्रत्येक दशांश संख्या परिमेयच असते, √2 सुद्धा. पायथॉनमध्ये विचारा:

```
>>> (2**0.5).as_integer_ratio()
(6369051672525773, 4503599627370496)
```

लिमिट शून्य आली आणि 0·D(0) सुद्धा 0, म्हणून x·D(x) शून्यापाशी संतत आहे, आणि फक्त तिथेच. इथून पुढे ‘म्हणजे तिथे डेरिव्हेटिव्हही शून्य’ अशी उडी मारू नका. शून्यापाशी डेरिव्हेटिव्ह काढताना x·D(x) ला x ने भागावं लागतं, आणि हातात उरतं नुसतं D(x), लिमिट नसलेलं. x²·D(x) घेतलं असतं तर भागल्यावर x·D(x) उरलं असतं, आणि मग डेरिव्हेटिव्ह शून्य मिळालं असतं.