फीच्या नव्या सॉफ्टवेअरची चाचणी: एक जुना दिवस आणि एक रद्द पावती

कंपनीचा माणूस शाळेत येतो, एका मुलाची पूर्ण फी भरून दाखवतो, पावती छापतो आणि सगळे माना डोलावतात. याला चाचणी म्हणत नाहीत. ऑफिसच्या माणसांनी घ्यायच्या चाचणीत जुन्या पावती पुस्तकातला एक खरा दिवस नव्या सॉफ्टवेअरमध्ये पुन्हा भरायचा असतो आणि त्याचा ताळा कीर्दीशी जुळतो का ते बघायचं असतं.

वेळ. निकालाची गर्दी ओसरल्यावर, मे महिन्यात. जूनमध्ये खिडकीवर रांग असताना अजिबात नाही.

माणसं. रोज खिडकीवर बसणारा क्लार्क आणि संध्याकाळी हिशेब बंद करणारे हेडक्लार्क, एवढे दोघे पुरे. कंपनीच्या माणसाने मागे बसावं, पण माउसला हात लावू नये. क्लार्क कुठे अडखळला हेच तर टिपायचं असतं. मागून कोणी ‘तिकडे क्लिक करा’ म्हणालं की ती अडचण वहीत येतच नाही.

तयारी. माहितीची वेगळी प्रत घ्या आणि पालकांना जाणारे मेसेज बंद करा. नाहीतर चाचणीतल्या थकबाकीचा मेसेज खऱ्या पालकाच्या फोनवर जाऊन पडतो.

दिवस निवडणं. गेल्या जूनमधला गर्दीचा दिवस घ्या. त्या दिवसाच्या स्थळप्रती, कीर्दीचं पान आणि बँकेत भरलेल्या रकमेची स्लिप समोर ठेवा. किनाऱ्यावरच्या शाळेत जूनच निवडायचं कारण आहे. जून-जुलैत मासेमारी बंद असते, त्यामुळे बंदरावरचे पालक बरेचदा थोडी थोडी फी भरतात आणि सॉफ्टवेअरची खरी परीक्षा अशा अर्धवट फीतच होते. समजा देणं ६,००० रुपये आहे: शिक्षण शुल्क ४,०००, बस १,५००, परीक्षा ५००. पालकाने २,००० दिले. तुमचा क्लार्क आधी परीक्षा आणि बस मिटवतो, म्हणजे शिक्षण शुल्कात शून्य जमा होतात. सॉफ्टवेअर कदाचित सगळे २,००० शिक्षण शुल्कात टाकेल. दिवसाची बेरीज दोन्हीकडे तीच येते, पण बसच्या खात्यात १,५०० कमी पडतात. म्हणून नुसती एकूण रक्कम जुळली म्हणून खूश होऊ नका, प्रत्येक शीर्षाची बेरीज कीर्दीशी लावा.

रद्द पावती. बहुतेक चाचण्या इथे फसतात, कारण त्या एका दुपारीत उरकलेल्या असतात. चाचणी लागोपाठ दोन दिवस ठेवा आणि मध्ये एकदा रीतसर दिवस बंद करा.

सोमवारी १२ पावत्या फाडा, सगळी रोख, बेरीज १८,४०० रुपये. दिवस बंद करून अहवाल छापा आणि ही रक्कम मंगळवारी सकाळी बँकेत भरली असं धरा. मग मंगळवारी लक्षात येतं की १,५०० ची एक पावती भलत्याच मुलाच्या नावावर गेली. एका वाडीत एकाच नावा-आडनावाची दोन मुलं असतात, तेव्हा हे होणारच. ती पावती रद्द करा, योग्य नावाने नवी करा आणि सोमवारचा अहवाल पुन्हा छापा.

त्यावर अजूनही १८,४०० च दिसले पाहिजेत. १६,९०० आले, तर सॉफ्टवेअरने बंद झालेला दिवस उघडून बदलला आणि तुमची बँकेची स्लिप आता कशाशीच जुळणार नाही. वर मंगळवारच्या जमेत १,५०० जास्त दिसतील, जे गल्ल्यात नाहीतच. क्लार्क संध्याकाळभर ते शोधत बसेल. बरोबर रीत अशी: मंगळवारच्या तारखेला १,५०० वजा, त्याच तारखेला १,५०० जमा, आणि रद्द झालेला पावती क्रमांक ‘रद्द’ म्हणून यादीत तसाच. तो क्रमांक गायब झाला किंवा दुसऱ्या पावतीला मिळाला, तर हिशेब तपासनीस पहिला प्रश्न त्यावरच विचारतील. ‘सर्व्हरची तारीख बदलून दाखवतो’ ही कंपनीची सोय मान्य करू नका. दुसऱ्या दिवशी सकाळी क्लार्कला कालचा दिवस उघडा दिसतो की बंद, हेही बघायचं असतं.

लाईट. पावसाळ्यात ती जाणारच. रक्कम जतन करून छपाई सुरू होताच यूपीएस बंद करून मेन स्विच पाडा. संगणक परत चालू झाल्यावर पावती झालेली दिसते का? दिसत नसेल तर क्लार्क दुसरी करेल, आणि मग यादीत एकाच पैशाच्या दोन पावत्या सापडतील.

नोंदी. प्रत्येक फरकासाठी तीन रकाने: पावती क्रमांक, कीर्द काय सांगते, पडद्यावर काय आलं. पैशात एक रुपयाचाही फरक असेल तर सही नाही, हे चाचणीच्या आधीच कंपनीला लेखी कळवा. बटणाचा रंग, अक्षरांचा आकार असल्या तक्रारी वेगळ्या कागदावर घ्या, त्यांच्यासाठी काम अडवू नका. कंपनीने दुरुस्ती करून दिली की फक्त बिघडलेली पावती तपासून सोडू नका, तेच दोन्ही दिवस पहिल्यापासून पुन्हा भरा. सही हेडक्लार्कनी करायची, मुख्याध्यापकांनी त्यानंतर.