हँडल पक्कं करण्याआधी एकदा फोनवर सांगून बघा

गिऱ्हाईक फोनवर इन्स्टाग्रामचं हँडल विचारतं, आपण सांगतो, आणि ते भलत्याच पानावर जाऊन पोचतं. कार्ड छापण्याआधी एवढं करा:

१. मिक्सर चालू ठेवून किंवा बसस्टँडवरून, ज्याला हँडल माहीत नाही अशा ओळखीच्याला फोन लावा.
२. हँडल एकदाच, नेहमीच्या वेगात सांगा. ‘बी फॉर बॉल’ वगैरे नाही. तो उपाय आहे, चाचणी नव्हे.
३. त्याला टाइप करून स्क्रीनशॉट पाठवायला सांगा. फोनवर वाचून दाखवलेलं धरू नका, कारण त्याचा ‘एन’ही आपल्याला ‘एम’च ऐकू येतो.
४. दोघातिघांचे स्क्रीनशॉट शेजारी ठेवा. सगळे एकाच जागी अडखळले, तर तेच अक्षर बदला.

समजा, हँडल आहे `swad_papad_mn`. `mn` चं `nm` किंवा `mm` होतं, `swad` चं `svad` किंवा `swaad`, आणि अंडरस्कोर तर बरेच लोक गाळतातच. सुटी अक्षरं काढून अख्खा शब्द घ्या, स्पेलिंगला फाटे फुटणारा शब्द टाळा: `papadpune`. मग पुन्हा फोन.

मात्र जुनं हँडल चालू असेल तर जपून. सोडलेलं नाव दुसरा कुणी घेऊ शकतो, आणि जुन्या पाकिटांवर तर तेच छापलेलं असतं.