धंदा थांबला, पण कंपनी चालूच आहे: बंद करताना या चुका टाळा

बिलं फाडणं बंद झालं, ऑफिस सोडलं, म्हणजे प्रायव्हेट लिमिटेड कंपनी बंद झाली असं बहुतेकांना वाटतं. कागदोपत्री ती जिवंतच असते. AOC-4 (ताळेबंद) आणि MGT-7A (लहान कंपनीचं वार्षिक रिटर्न) दरवर्षी भरायचेच असतात आणि उशीर झाला तर प्रत्येक फॉर्ममागे दिवसाला १०० रुपये चढतात. या रकमेला वरची मर्यादा नाही.

कंपनी रजिस्ट्रारची नोटीस आली की आधी ती कशाची आहे ते नीट वाचा. सगळ्यात महाग पडणारी चूक इथेच होते. STK-1 ही कंपनीचं नाव रजिस्टरमधून काढण्याची नोटीस असते आणि उत्तराला ३० दिवस मिळतात. अनेकजण म्हणतात, "बरंच झालं, सरकारच फुकट बंद करतंय." पण सलग तीन वर्षं रिटर्न राहिले असतील तर संचालक ५ वर्षांसाठी अपात्र ठरतात आणि नाव निघाल्याने ती अपात्रता पुसली जात नाही. खात्यात पैसे राहिले असतील तर तेही अडकतात.

फरक आकड्यांत पाहा. समजा शेवटचं बिल डिसेंबर २०२१ चं आहे आणि आधीचं सगळं भरलेलं आहे. नोटीस येण्याआधी, जुलै २०२५ अखेर तुम्ही स्वतःहून STK-2, म्हणजे नाव काढून घेण्याचा अर्ज, भरायला गेलात, तर नियमानुसार धंदा थांबला त्या वर्षापर्यंतचेच, म्हणजे २०२१-२२ चेच फॉर्म भरावे लागतात. दोन्हींचं उशिराचं शुल्क सुमारे १ लाख ९८ हजार. STK-1 आल्यावर गेलात तर पुढची राहिलेली दोन वर्षंही भरावी लागतात आणि आकडा सुमारे ३ लाख ७५ हजारांवर जातो. नाव काढल्याची अंतिम सूचना निघाली की STK-2 चा मार्गच बंद.

दुसरी चूक क्रमाची. कंपनीच्या नावे टीडीएसचा परतावा येणं बाकी असेल, तर तो जमा होईपर्यंत बँक खातं बंद करू नका. सीए, सीएस यांची फी आणि देणी भागवा, मगच खातं बंद करा. त्यानंतर सीएकडून STK-8 हे मालमत्ता आणि देण्यांचं विवरण घ्या. ते अर्जाच्या तारखेआधी ३० दिवसांपेक्षा जुनं नको. मी पाहिलंय, सही करणाऱ्या संचालकाची डिजिटल सही संपलेली किंवा केवायसी न केल्यामुळे डीआयएन, म्हणजे संचालकाचा ओळख क्रमांक, निष्क्रिय झालेला असतो. त्यात महिना जातो आणि विवरण शिळं होतं. म्हणून हे दोन्ही सगळ्यात आधी तपासा.

STK-2 चं शुल्क १०,००० रुपये. सोबत संचालकांचा हमीपत्र बाँड आणि प्रतिज्ञापत्र लागतं, तसंच विशेष ठराव किंवा ७५ टक्के भांडवलधारकांची संमती. जीएसटी नोंदणी असेल तर ती वेगळी रद्द करावी लागते, GSTR-10 या शेवटच्या रिटर्नसकट. कंपनी बंद झाली म्हणून ती आपोआप जात नाही.