दुसऱ्या भाषेत प्रेमकविता थेट कशी लिहावी

मातृभाषा मराठी आणि कविता लिहायची हिंदीत, असं उदाहरण घेऊ. दोन्ही भाषा जवळच्या असल्यामुळे भाषांतराचा मोह इथे सर्वात जास्त होतो, आणि फसगतही.

समजा मनात आहे ‘हुरहूर’. शब्दकोश ‘बेचैनी’ देतो, आणि ओळ तयार होते : ‘मेरे मन में बेचैनी है’. व्याकरण बिनचूक, पण ओळ निर्जीव. म्हणून भावनेचं नाव बाजूला ठेवा आणि हुरहूर लागली तेव्हा तुम्ही काय केलंत ते आठवा. ती गेली, दार लावलं नाही, जरा आवाज झाला की उठून पाहिलं. यातल्या एकाही गोष्टीसाठी अवघड शब्द लागत नाही.

आता मराठीत एक अक्षरही न लिहिता, त्या व्यक्तीशी बोलताना तोंडात असलेले वीसेक हिंदी शब्द कागदावर काढा. वस्तू आणि क्रियापदं जास्त, विशेषणं जवळजवळ नकोत. मग लहान वाक्यं करा :

तुम गईं, दरवाज़ा खुला रह गया।
मैंने बंद नहीं किया।
रात भर हवा आती रही।
मैं हर बार उठा।

शेवटच्या ओळीत हुरहूर आहे, शब्द मात्र कुठेच नाही. लिहिताना एखादा शब्द अडला तर शब्दकोश उघडू नका, वळसा घाला. वळसाही सापडला नाही तर ती ओळ सोडून द्या. यमकाचंही तसंच. तुटपुंज्या शब्दांत यमक जुळवायला गेलं की यमकच कविता लिहू लागतं.

‘तू’ की ‘तुम’, हे पहिल्या ओळीआधी ठरवा. मराठीत प्रेमात ‘तू’ सहज येतं. हिंदीत जोडीदाराला बरेचदा ‘तुम’ म्हणतात, तिथलं ‘तू’ जास्त सलगीचं किंवा उर्मट वाटू शकतं. निवडाल ते शेवटपर्यंत पाळा.

मग चुका तपासा. मराठीत आवाज ‘तो’, हिंदीत ‘ती’ : ‘तुम्हारा आवाज़’ नव्हे, ‘तुम्हारी आवाज़’. मराठी ‘मी’ला ‘ने’ लागत नाही, म्हणून हात ‘मैं बंद नहीं किया’ असंच लिहितो. ‘राग’सारख्या शब्दांपासून जपा, हिंदीत त्याचा अर्थ संताप नाही.

शेवटी हिंदी मातृभाषा असलेल्या कुणाला तरी मोठ्याने वाचायला द्या आणि दोनच प्रश्न विचारा : कुठे अडखळलात? शेवटी काय समजलं? ते ‘मैं’चं ‘मैंने’ करतील ते मुकाट्याने घ्या. ‘हर बार उठा’च्या जागी ‘व्याकुल होकर उठा’ सुचवलं तर आभार मानून ओळ आहे तशीच ठेवा. अडखळण्याचं कारण व्याकरण असेल तर ती चूक. वाचणारा क्षणभर थांबून ‘का उठला?’ असं विचारत असेल, तर ओळीला हात लावू नका.