फोंड्याच्या उकाड्यात घट्ट श्रीखंड

एप्रिलमध्ये आमच्या फोंड्यात दही रात्रभर बाहेर टांगलं की चक्का आंबतो. लवकर उतरवला तर पाणी राहतं आणि श्रीखंड पातळ होतं. म्हणून आता दोनेक तास टांगून पुरचुंडी चाळणीत ठेवते, खाली पातेलं, वर वजन, आणि रात्रभर फ्रिजमध्ये. सकाळी पिळून थेंबही पडला नाही, तरच पुढे जायचं. कारण साखर विरघळली की चक्का सैल होतोच. ५०० ग्रॅम चक्क्याला ३५० ग्रॅम पिठीसाखर मला पुरते. तासभर मुरवून पुरणयंत्रातून काढते, गुठळी राहत नाही; मिक्सरमध्ये मात्र ते पातळ होतं. केशर एकाच चमचा कोमट दुधात खलायचं. वेलचीपूड शेवटी, ताजी कुटलेली.