आजोबांचं पहिलं यूपीआय पेमेंट भाजीच्या गाडीवर कसं करवून घ्यावं

घरातल्या ज्येष्ठांना यूपीआय शिकवायचं असेल, तर पहिलं पेमेंट भाजीच्या गाडीवरच करवून घ्या. रक्कम लहान असते, समोर ओळखीचं माणूस असतं आणि काही अडलं तर तोंडी बोलून सुटतं. वीजबिलाने सुरुवात करू नका. तिथे गोंधळ झाला तर विचारायला समोर कोणीच नसतं, आणि माणूस एकदा धास्तावला की पुन्हा फोन हातात धरत नाही. आमच्या सोसायटीतल्या ज्येष्ठांबरोबर मी बाजारात अशी नेहमी उभी राहते. त्यातलंच एक उदाहरण धरून सांगते. बेस्टमधून कंडक्टर म्हणून निवृत्त झालेले आजोबा, त्यांची आठवीतली नात, आणि पार्ले पूर्वेचा बाजार.

घरून निघण्याआधी

अ‍ॅप टाकणं, खातं जोडणं हे नात-नातवंडांना येतंच. बँकेत नोंदवलेल्या नंबरचं सिम त्याच फोनमध्ये असू द्या, कारण नोंदणीच्या वेळी त्या सिमवरून एक एसएमएस जातो. अ‍ॅपची भाषा मराठी करा.

पेन्शनचं खातं मात्र जोडू नका. दुसरं एखादं बचत खातं असतंच, त्यात दोन हजार ठेवा आणि तेच जोडा. या आजोबांनी आधी ऐकलं नाही, "एकच खातं बरं" म्हणाले. नातीने विचारलं, "आजोबा, तुम्ही दिवसभराची सगळी कॅश वरच्या खिशात ठेवायचात का?" तेव्हा पटलं.

पिन त्यांचा त्यांनाच ठरवू द्या. तो चार किंवा सहा आकडी असतो. जन्मसाल नको, घराचा नंबर नको. "पिन नातवाला सांगून ठेवा" किंवा "फोनच्या कव्हरमध्ये चिठ्ठी ठेवा" असा सल्ला सर्रास दिला जातो आणि तो ऐकला की मला संताप येतो. कव्हरमधल्या चिठ्ठीसकट फोन हरवला की चोराला सगळंच आयतं मिळतं. आणि पिन नातीला ठाऊक असला की पेमेंट नातच करते, आजोबा नुसते बाजूला उभे राहतात.

सकाळी अकराच्या सुमाराला जा. संध्याकाळी स्टेशनवरून उतरणारी गर्दी असते, भाजीवालीलाही वेळ नसतो. खिशात रोख पैसे ठेवा, त्यांचं काम पुढे येईल.

गाडीवर

आधी नेहमीसारखी भाजी घ्या, भाव करा, हिशेब होऊ द्या. मेथीची जुडी ३०, अर्धा किलो तोंडली ४०, मिरची-आलं-कोथिंबीर मिळून २०. एकूण ९० रुपये.

स्कॅन करणं सोपं आहे. क्यूआरवरच्या प्लॅस्टिकवर ऊन चमकत असेल तर फोन थोडा तिरका धरा.

स्कॅन झाला की पडद्यावर नाव येतं. इथे थांबायचं आणि नाव मोठ्याने वाचायचं. आजोबांनी वाचलं आणि भुवया वर केल्या. नाव पुरुषाचं होतं आणि समोर तर मावशी बसलेल्या. नात लगेच म्हणाली, "असंच असतं आजोबा, पुढे जा." मी तिला थांबवलं. आजोबांची शंका अगदी रास्त होती. मावशींना विचारलं तेव्हा त्या म्हणाल्या, "माझ्या पोराचं खातं हाय ते, बाबा." आता पुढे जायला हरकत नव्हती. गाडीवरच्या क्यूआरवर कोणी रात्रीत दुसराच क्यूआर चिकटवून जातं, आणि दिवसभराचे पैसे भलत्याच्याच खात्यात जातात. ते ओळखायचा उपाय गिऱ्हाइकाच्या हातात एवढाच, की नाव वाचायचं आणि विचारायचं. दोन सेकंद लागतात. नातवंडांनी इथे घाई करू नये.

मग रक्कम. ९० टाका आणि तीही मोठ्याने वाचा. ९० आणि ९०० मध्ये फक्त एक शून्य असतं, आणि थरथरत्या बोटाखाली ते सहज दोनदा पडतं. खात्रीसाठी "आधी एक रुपया पाठवून बघा" असं जे सांगतात, त्याची गाडीवर काही गरज नाही. नाव तर पडद्यावर दिसतंच आहे. उलट आता किती द्यायचे राहिले, यावरून आजोबा आणि मावशी दोघंही गोंधळतात.

पिनपासून आवाजापर्यंत

सगळं अडतं ते इथे. मला शिकवायला सर्वांत जास्त वेळ याच टप्प्याने लावला, म्हणून सविस्तर लिहिते.

पहिली अडचण बोटांची. मेथीवर मावशींनी नुकतंच पाणी मारलेलं असतं, आजोबांनी जुडी उलटीपालटी करून पाहिलेली असते, बोटं ओली असतात. ओल्या बोटाने पडदा भलतेच आकडे घेतो. वयाने कोरडी पडलेली बोटंही धड चालत नाहीत, दोन-दोनदा टेकवावी लागतात. म्हणून पिनच्या आधी हात रुमालाला पुसायचे, फोन भाजीवर न टेकवता डाव्या हातात घट्ट धरायचा आणि उजव्या हाताच्या एकाच बोटाने आकडे टाकायचे. आकड्यांच्या जागी ठिपके दिसतात, त्याने माणूस बिचकतो. "किती झाले ते कळत नाही," आजोबा म्हणाले. ठिपके मोजायला सांगा. चुकलं असं वाटलं तर सगळे खोडून पहिल्यापासून टाका, घाईने बरोबरची खूण दाबू नका. पिन वारंवार चुकला तर बँक तो काही वेळापुरता अडवते आणि पहिलाच दिवस फुकट जातो.

या वेळी नातीने काय करायचं? हात पाठीमागे बांधायचे आणि तोंड फिरवायचं. हे मी गमतीने सांगत नाही. मुलांची बोटं आपोआप पुढे येतात, आणि एकदा नातीचं बोट पडद्याला लागलं की आजोबा फोन तिच्याच हातात देऊन टाकतात.

पिनचा अर्थही आत्ताच, गाडीसमोरच सांगा. पिन टाकला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जातात. पैसे यायचे असतील तर पिन कधीच लागत नाही. उद्या कोणी फोन करून "तुमचा परतावा जमा करायचाय, पिन टाका" म्हणालं, तर तो माणूस लुबाडणारा आहे. फोन ठेवायचा, आणि पैसे गेलेच असतील तर ताबडतोब १९३० वर कळवायचं. नातीने हे आपल्या भाषेत सांगितलं. "पिन म्हणजे तुमचं तिकीट फाडणं, आजोबा. एकदा फाडलं की परत चिकटत नाही." इतकी वर्षं सांगून मला हे इतकं नेमकं जमलं नव्हतं.

आता दुसरी अडचण. आजोबांनी पिन टाकला, बरोबरची खूण दाबली, आणि पडद्यावर चक्र फिरत राहिलं. मग व्यवहार प्रलंबित असल्याचं आलं. मावशींच्या साउंडबॉक्समधून आवाज नाही. मागे दोन बायका ताटकळलेल्या. आजोबा म्हणाले, "गेलं नाही वाटतं, परत करतो." नेमके याच क्षणी लोकांचे पैसे दोनदा जातात.

प्रलंबित म्हणजे फसलं असं नाही. तुमच्या बँकेने पैसे काढले असतील, नसतील, किंवा काढले आहेत पण समोरच्या बँकेचा होकार यायचा आहे. तीनपैकी काय झालंय ते त्या घटकेला तुम्हाला कळू शकत नाही. म्हणून परत स्कॅन करायचं नाही, अ‍ॅप बंद करायचं नाही. बाजूला सरकायचं, मागच्यांना पुढे येऊ द्यायचं आणि अ‍ॅपमधली व्यवहारांची यादी उघडायची. तिथे ९० रुपयांपुढे काय लिहून येतंय त्यावर लक्ष ठेवा. यशस्वी झालं की बारा आकडी क्रमांकही मिळतो, तोच पुरावा. बँकेचा एसएमएस उशिरा येतो किंवा येतही नाही, त्यावर विसंबू नका. साउंडबॉक्सचंही तसंच. त्याला स्वतःचं वेगळं सिम असतं, त्याची रेंज गेली तर पैसे पोचूनही तो गप्प राहतो. अशा वेळी मावशींना त्यांच्या किंवा पोराच्या फोनमध्ये बघायला सांगा. तुमच्या पडद्यावरची हिरवी खूण त्यांना पुरेशी वाटली नाही तर राग मानू नका. खोट्या खुणा दाखवून जाणारी माणसं त्यांना भेटलेली असतात.

थोडं थांबूनही काही ठरलं नाही, तर खिशातले ९० रुपये रोख द्या आणि मावशींना स्पष्ट सांगून ठेवा, "ऑनलाइनचेही आले तर पुढच्या भाजीत वळते करा." खात्यातून पैसे गेले आणि समोर पोचलेच नाहीत, तर ते आपोआप परत यायला हवेत. रिझर्व्ह बँकेच्या २०१९च्या नियमानुसार व्यक्तीच्या खात्यावर पाठवलेले पैसे दुसऱ्या दिवसापर्यंत आणि व्यापारी म्हणून नोंदवलेल्या क्यूआरवरचे पाच दिवसांत. त्यानंतर होणाऱ्या प्रत्येक दिवसाच्या उशिराला १०० रुपये भरपाई ठरलेली आहे. ती मुदत उलटली तर अ‍ॅपमध्ये त्याच व्यवहारावर जाऊन तक्रार करा. गूगलवर कस्टमर केअरचा नंबर शोधू नका, तिथे फसवणारेच टपून असतात.

आजोबांवर रोख काढायची वेळ आली नाही. नोट त्यांनी हातात काढून ठेवली होती, तेवढ्यात यादीत यशस्वी असं आलं, आणि पाठोपाठ साउंडबॉक्स बोलला. आजोबांनी नव्वद आकडा नीट ऐकला, पडद्यावर पुन्हा पाहिला आणि मगच पिशवी उचलली. हा क्रम त्यांनी आपणहून पाळला, ते मला फार आवडलं.

त्यानंतर

पुढच्या वेळी नातीने दोन गाड्या पलीकडे उभं राहावं. हाक मारली तरच जवळ जावं.

छोट्या रकमांसाठी यूपीआय लाइट चालू करा, असं आता कोणीतरी सांगेलच. त्यात ५,००० रुपयांपर्यंत शिल्लक ठेवता येते आणि एका वेळी १,००० पर्यंत पिनशिवाय देता येतात. नेटवर्कची कटकटही कमी होते. तरीही पहिला महिना ते चालू करू नये असं माझं ठाम मत आहे. पिन टाकायला थांबावं लागतं, म्हणून तर नाव आणि रक्कम वाचून होते. आजोबा न सांगता नाव मोठ्याने वाचायला लागले की मग खुशाल चालू करा.